टी-स्कोर उणे २.३, तरी इंजेक्शन कशाला?

*आईचं वय ६८. सव्वा वर्षापूर्वी अंगणात पाय घसरून उजवं मनगट मोडलं. परवा डेक्सा केली. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोर उणे १.१ आणि खुब्याचा (फिमोरल नेक) उणे २.३ आलाय. खाली "ऑस्टिओपेनिया" लिहिलंय, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नाही. तरीही डॉक्टर वर्षातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं बोलतायत. शेजारच्या काकू ५३ वर्षांच्या आहेत, त्यांच्या मणक्यांचा स्कोर उणे २.६ आहे, आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी "घाई नाही" असं सांगितलं. हे उलटं नाही का? रिपोर्टची सगळी पानं जोडते आहे.*

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. उलटं वाटतं ते एका समजुतीमुळे. टी-स्कोर जितका खाली तितकी हाड मोडायची भीती जास्त, आणि उणे २.५ ही धोक्याची रेघ, असं बहुतेकांच्या मनात बसलेलं असतं. पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसऱ्या भागाने मात्र बराच घोळ घातला आहे, आणि तो नुसता पेशंटच्याच डोक्यात नाही.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. डेक्सा यंत्र दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे हाडातून पाठवतं. मांस आणि हाड या दोन किरणांना निरनिराळ्या प्रमाणात अडवतात, त्यातला फरक काढून हाडात खनिज किती आहे हे कळतं. त्याला हाडाच्या सावलीच्या क्षेत्रफळाने भागलं की "ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर" असा आकडा मिळतो. यंत्र खरं मोजतं ते एवढंच. तुमच्या आईच्या फिमोरल नेकचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याखालच्या बारीक मानेचा, हा आकडा पान दोनवर ०.५८२ आहे.

टी-स्कोर हे या आकड्यावर केलेलं गणित आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात एक मोठी राष्ट्रीय आरोग्य पाहणी झाली. तिच्यातल्या २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रियांची फिमोरल नेकची सरासरी ०.८५८ निघाली आणि त्या सरासरीभोवतीचा नेहमीचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ०.१२०. जगभर खुब्यासाठी याच तरुणींशी तुलना करायची प्रथा आहे, भारतातल्या बहुतेक यंत्रांतही तीच भरलेली असते. आता ०.८५८ मधून ०.५८२ वजा केले की ०.२७६ उरतात. त्यांना ०.१२० ने भागलं की २.३ येतात. सरासरीच्या खाली म्हणून उणे २.३. (यंत्राच्या कंपनीप्रमाणे संदर्भाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण रीत हीच.)

थोडक्यात, तुमच्या आईचं हाड पंचविशीतल्या सरासरी हाडापासून किती लांब आलं, एवढं हा स्कोर सांगतो. पुढच्या दहा वर्षांत ते मोडेल का, हा वेगळा प्रश्न आहे.

उणे २.५ ची रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने १९९४ साली आखली. ती आखताना त्यांच्यापुढे लोकसंख्येचं गणित होतं. ही रेघ धरली तर पाळी गेलेल्या गोऱ्या स्त्रियांपैकी साधारण ३० टक्के कुठल्या ना कुठल्या जागी तिच्याखाली येत होत्या, आणि त्या स्त्रियांना उरलेल्या आयुष्यात हाड मोडण्याची शक्यताही साधारण तेवढीच होती. देशोदेशीची तुलना करायला ती सोयीची होती. उणे २.४ वर हाड शाबूत आणि उणे २.६ वर ठिसूळ, असं काही हाडाच्या आत घडत नाही. "ऑस्टिओपेनिया" हा शब्दही तेव्हा अभ्यासाच्या सोयीसाठी घेतला गेला. गंमत म्हणजे, व्याख्येप्रमाणे ठणठणीत तरुणींपैकीसुद्धा शंभरात सोळा जणी उणे १ च्या खाली असतातच. त्यामुळे नुसतं "ऑस्टिओपेनिया" वाचून मी ना घाबरतो, ना निर्धास्त होतो.

आता तुमच्या रिपोर्टकडे येतो, कारण त्यात मणक्यांचा एकूण आकडा फसवा आहे. पान तीनवर चारही मणक्यांचे स्कोर वेगळे दिले आहेत: एल-१ उणे २.४, एल-२ उणे २.२, एल-३ उणे ०.३ आणि एल-४ अधिक ०.२. एकाच बाईच्या, एकावर एक बसलेल्या मणक्यांत दुसऱ्यापासून तिसऱ्यावर जाताना जवळजवळ दोनची उडी निसर्गतः येत नाही. शेजारच्या मणक्यापेक्षा एकाहून जास्त फरक दिसला की तो मणका संशयित धरायचा, असा नियमच आहे. चित्रात एल-३ आणि एल-४ च्या कडा पांढऱ्याशुभ्र आणि बाहेर आलेल्या दिसतात. हा कंबरेचा संधिवात आहे. कडेला नवीन हाडाची टोकं फुटतात, सांध्यांजवळ हाड दाट होतं, आणि यंत्र ते सगळं खनिज मोजून मोकळं होतं. या वयात मणक्यांपुढची महाधमनी चुन्याने कडक झालेली असेल तर तिचीही थोडी भर पडते. त्यातल्या कशानेही मणक्याला बळ येत नाही.

अशा वेळी बिघडलेले मणके वगळून उरलेल्यांचा हिशोब करायचा असतो. निदान दोन मणके तरी शिल्लक राहायला हवेत, आणि इथे दोन राहतात. एल-१ आणि एल-२ धरले तर मणक्यांचा स्कोर साधारण उणे २.३ येतो. म्हणजे तो खुब्याशी जुळतो. सेंटरच्या तंत्रज्ञाने हे वगळायला हवं होतं. अनेक ठिकाणी कोणी वगळत नाही, यंत्र जे छापतं तेच हातात दिलं जातं. सत्तरीच्या आसपासच्या बाईचे मणके खुब्यापेक्षा बरेच चांगले दिसले की मी स्कोर बाजूला ठेवून आधी चित्र बघतो.

खुब्याचं चित्र मात्र ठीक आहे. पाय आतल्या बाजूला वळवून नीट बांधलेला आहे. ते कशावरून ओळखायचं? मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, तो चित्रात जेमतेम डोकावला पाहिजे. तो ठसठशीत दिसला तर पाय बाहेर वळलेला होता असं समजायचं. मग हाडाची मान आखूड दिसते आणि घनता आहे त्याहून जास्त येते. तुमच्याकडे तसं झालेलं नाही, त्यामुळे उणे २.३ वर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तर आईचा सगळ्यात खालचा खात्रीचा आकडा उणे २.३. लेबल ऑस्टिओपेनियाचंच राहतं. मग इंजेक्शन का?

स्कोर आणि मोडण्याचा धोका यांचं नातं चांगलं अभ्यासलेलं आहे. १९९६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी त्याआधीचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. खुब्याची घनता एक प्रमाण विचलनाने, म्हणजे स्कोर एकाने, खाली गेली की खुबा मोडण्याचा धोका सुमारे २.६ पट होतो. सगळी फ्रॅक्चर एकत्र धरली तर तो साधारण दीडपट होतो. हा उतार सलग आहे, त्याला कुठे पायरी नाही. आता उणे २.३ आणि उणे २.५ यांत अंतर ०.२ चं. या उतारावर ०.२ म्हणजे खुब्याच्या धोक्यात वीसएक टक्क्यांची वाढ, आणि एकंदर फ्रॅक्चरच्या धोक्यात दहा टक्क्यांहूनही कमी. शिवाय यंत्राच्या भाषेत ०.२ म्हणजे फक्त ०.०२४ ग्रॅम, आईच्या आकड्याच्या चार टक्के. फिमोरल नेकसारख्या छोट्या जागेवर चांगल्या सेंटरमध्येसुद्धा लागोपाठ दोनदा मोजलं तर एवढा फरक निव्वळ मोजणीतून येऊ शकतो. आई टेबलावरून उठून पुन्हा झोपली असती तर "ऑस्टिओपोरोसिस" छापून आलं असतं, असंही होऊ शकतं.

याच्या शेजारी ते मोडलेलं मनगट ठेवा. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं याचा आम्ही वेगळा हिशोब ठेवतो. स्कूटरवरून पडून मोडलं, जिन्यावरून गडगडून मोडलं तर गोष्ट निराळी, कारण तिथे निरोगी हाडही मोडतं. हातापायाची बोटं आणि कवटीही यात धरत नाहीत. पण अंगणात घसरून, हात टेकून मनगट मोडलं तर हाडाने आपली परीक्षा देऊन झालेली असते आणि ते नापास झालेलं असतं. असं एक फ्रॅक्चर झालेल्या बाईला पुन्हा फ्रॅक्चर होण्याचा धोका, घनता सारखीच असलेल्या दुसऱ्या बाईपेक्षा पावणेदोन ते दोन पट असतो. तो सगळ्यात जास्त पहिल्या दोन वर्षांत असतो, मग हळूहळू उतरतो. आईचं सव्वा वर्ष झालंय. म्हणजे ती अजून त्याच काळात आहे.

एकीकडे लेबलातला ०.२ चा फरक, दुसरीकडे दुपटीच्या आसपास नेणारं मनगट. डॉक्टरांनी मनगटाला जास्त वजन दिलं, आणि मी असतो तर मीही तेच केलं असतं. बहुतेक फ्रॅक्चर ऑस्टिओपोरोसिसचं लेबल लागलेल्या बायकांना होतात असं वाटतं, पण मोजायला गेलं की निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर उणे २.५ च्या वर असलेल्या बायकांत निघतात. कारण साधं आहे: रेघेखाली धोका जास्त असला तरी रेघेवर बायकांची संख्याच फार मोठी आहे. त्यांच्यातल्या कोणाला धोका आहे हे ओळखायचं तर स्कोरच्या पलीकडे बघावं लागतं.

पलीकडची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वय. स्कोर तोच असला तरी पन्नाशीतल्या बाईपेक्षा ऐंशीच्या बाईचा खुबा पुढच्या दहा वर्षांत मोडण्याची शक्यता कितीतरी पट जास्त असते. वयाबरोबर घनता घटते, ते स्कोरमध्ये आधीच धरलेलं आहे. पण हाडाच्या आतली जाळी तुटणं, बाहेरच्या कवचात सूक्ष्म छिद्रं पडणं हे डेक्साला नीट दिसत नाही. आणि पडणं तर दिसतच नाही. पासष्टीनंतर दर वर्षी साधारण तीनातली एक व्यक्ती एकदा तरी पडते. मोतीबिंदू, रात्रीची झोपेची गोळी, उठल्याबरोबर रक्तदाब खाली जाणं, मांड्यांची ताकद कमी होणं, ओली मोरी ही त्याची नेहमीची कारणं. पन्नाशीची बाई पडताना हात पुढे टाकते आणि मनगटावर निभावतं. पंचाहत्तरीत हात वेळेवर पुढे येत नाही, बाई कुशीवर पडते आणि खुबा जातो.

हे सगळं एकत्र करायला फ्रॅक्स नावाचं गणनयंत्र आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या जॉन कॅनिस यांच्या गटाने ते २००८ साली आणलं. इंटरनेटवर आहे आणि त्यात भारताचा पर्याय आहे. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, सिगारेट, दारू, स्टेरॉइडच्या गोळ्या, संधिवाताभ आमवात, आणि शेवटी फिमोरल नेकची घनता एवढं भरायचं. घनता भरताना यंत्राची कंपनी निवडून ग्रॅमचा आकडा टाका. उत्तरात दोन टक्केवारी येतात: पुढच्या दहा वर्षांत मोठं फ्रॅक्चर (मणका, मनगट, खांदा किंवा खुबा) होण्याची आणि एकट्या खुब्याची. अमेरिकेत अनुक्रमे २० आणि ३ टक्के ओलांडले की औषधाचा विचार करतात. ब्रिटनमध्ये ही रेघ वयाप्रमाणे बदलते. अमेरिकेचे आकडे भारताच्या पर्यायावर जसेच्या तसे ठोकून बसवू नयेत. मी फ्रॅक्सचा आकडा बोलणं सुरू करायला वापरतो, निकाल द्यायला नाही.

कारण त्यालाही न कळणाऱ्या गोष्टी आहेत. मनगट सव्वा वर्षापूर्वी मोडलं की वीस वर्षांपूर्वी, हे ते विचारत नाही. एकच फ्रॅक्चर झालं की तीन, बाई वर्षात किती वेळा पडली, हेही मूळ गणितात नाही. मधुमेहींचा धोका ते कमी दाखवतं. टाइप २ मधुमेहात घनता चांगली दिसते, तरी हाड त्या मानाने लवकर मोडतं. आईला मधुमेह असेल तर तो डॉक्टरांसमोर मुद्दाम काढा.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, पण त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, म्हातारपणी खुबा मोडला होता का? आपल्याकडे तसं सांगत नाहीत. "पडली आणि मग अंथरुणाला खिळली" असं सांगतात. ते बहुधा खुब्याचंच फ्रॅक्चर असतं. दुसरं, आईची उंची. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, पाठ वाकली असेल, तर पाठीच्या आणि कंबरेच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. मणक्यांची बहुतेक फ्रॅक्चर न दुखता, किंवा "कंबर धरली" म्हणून दोन आठवडे मलम चोळून निघून जातात. एक्स-रेत एखादा मणका पुढून दबून पाचराच्या आकाराचा झालेला दिसला, तर टी-स्कोर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरायचा आणि औषध द्यायचंच. मग आपली सगळी चर्चा तिथे संपते. डेक्साच्या चपट्या चित्रात असा मणका उलट जास्त दाट दिसतो, कारण खनिज तेवढंच राहतं आणि क्षेत्रफळ कमी होतं.

"ऑस्टिओपेनियाला एवढं मोठं इंजेक्शन?" या शंकेला थेट उत्तर देणारा एक अभ्यास आहे. न्यूझीलंडमध्ये ६५ च्या पुढच्या २००० स्त्रिया घेतल्या, सगळ्यांच्या खुब्याची घनता ऑस्टिओपेनियाच्या पट्ट्यात. निम्म्यांना झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाइन दर दीड वर्षाने असं चार वेळा दिलं, निम्म्यांना नुसतं सलाइन. सहा वर्षांत नुसतं सलाइन घेतलेल्या गटात १९० जणींना ठिसूळपणाचं फ्रॅक्चर झालं, औषधाच्या गटात १२२ जणींना. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. तुमच्या डॉक्टरांच्या मनातलं वार्षिक इंजेक्शन बहुधा हेच आहे, पाच मिलिग्रॅमचं. शिरेतून निदान पंधरा मिनिटं द्यायचं. पहिल्या वेळेला पुढचे एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने निभावतं. त्यासाठी दवाखान्यात धावपळ करू नका.

पण ते टोचण्याआधी काही रक्ताच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत, आणि याबाबतीत मी हटवादी आहे. डेक्साला खनिज कमी दिसतं. ते का कमी आहे हे त्याला कळत नाही. ड जीवनसत्त्व फार कमी असलेल्या बाईच्या हाडात खनिज नीट बसतच नाही. त्या आजाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, आणि आपल्याकडे तो भरपूर आहे, ऊन मुबलक असूनही. त्यातही टी-स्कोर उणे ३, उणे ४ असा येतो. अशा बाईला जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढवत नाही, नडगीवर किंवा बरगड्यांवर दाबलं तर दुखतं, आणि रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असतं. तिचं ड जीवनसत्त्व भरून न काढता हे इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, हातापायाला पेटके येतात. उलट नुसतं ड आणि कॅल्शियम भरून काढलं की तिचा स्कोर कधीकधी थक्क करण्याइतका सुधारतो. म्हणून ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि क्रिएटिनिन बघा. मूत्रपिंडाचं काम बरंच उतरलेलं असेल, क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल, तर हे औषध चालत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही त्याच सुईत होऊन जातं. दात काढायचा किंवा जबड्याचं काही काम बाकी असेल तर ते आधी उरकून घ्या.

रिपोर्टवरचा झेड-स्कोर इथेच उपयोगी पडतो. तो तिच्याच वयाच्या स्त्रियांशी तुलना करतो. आईच्या खुब्याचा झेड-स्कोर उणे ०.७ आहे, म्हणजे वयाच्या मानाने थोडं कमी, पण विपरीत नाही. तो उणे २ च्या खाली असता तर मी पॅराथायरॉइडचा विकार, मायलोमा, आतड्यातून शोषण न होणं अशी वेगळी कारणं नेटाने शोधली असती.

आता काकू. त्यांचं वय ५३, फ्रॅक्चर झालेलं नाही असं तुमच्या लिहिण्यावरून धरतो. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं मणक्यांतलं जाळीदार हाड सगळ्यात वेगाने झिजतं, त्यामुळे या वयात मणक्याचा स्कोर खुब्याच्या पुढे जाऊन खाली येणं नेहमीचं आहे. पुढच्या दहा वर्षांत त्यांचा खुबा मोडण्याची शक्यता तुमच्या आईच्या तुलनेत फारच थोडी आहे. त्या चणीने लहान असतील तर आणखी एक गोष्ट. डेक्सा क्षेत्रफळाने भागतं, घनफळाने नाही. लहान हाडाची जाडीही कमी असते आणि तिचा हिशोब होत नाही, म्हणून बारीक चणीच्या बायकांचे आकडे जरा जास्तच खाली दिसतात, त्यात तुलना अमेरिकन तरुणींशी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीय स्त्री-पुरुषांचे संदर्भ आकडे काढलेले आहेत. ते वापरले की अशा बऱ्याच बायका उणे २.५ च्या वर सरकतात. म्हणून "घाई नाही" हे बरोबर.

पण घाई नाही म्हणजे काम नाही असं मात्र नाही. पाळी गेलेल्या बाईचा मणका उणे २.६ असेल तर बऱ्याच मार्गदर्शक सूचनांप्रमाणे औषधाची चर्चा व्हायलाच हवी. त्यांनीही वर सांगितलेल्या तपासण्या कराव्यात, पाळी लवकर गेली होती का ते डॉक्टरांना सांगावं. अंगातून वाफा येत असतील तर पाळीनंतरच्या संप्रेरकांचा पर्याय या वयात दोन्ही कामं करू शकतो. त्या विषयाला इथे हात घालत नाही, तो त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायचा.

एक इशारा, कारण हे रोज बघतो. गणपती मंडळात किंवा औषधाच्या दुकानाबाहेर "मोफत हाडांची तपासणी" असते, तिथे टाच यंत्रात ठेवून जो टी-स्कोर देतात तो अल्ट्रासाउंडचा असतो. त्याला उणे २.५ ची रेघ लागूच होत नाही. तो फार खाली आला तर डेक्सा करून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून औषध सुरू करू नये आणि औषधाचा गुण आला का हेही त्यावर बघू नये.

आईची पुढची डेक्सा साधारण दीड-दोन वर्षांनी करा. त्याच सेंटरमध्ये, त्याच यंत्रावर. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी देऊ नका, ती पोटात न विरघळता राहिली तर मणक्यांवर पांढरा ठिपका म्हणून दिसते. आधीच्या आठवड्यात बेरियम किंवा रंगद्रव्य देऊन काही तपासणी झाली असेल तर तारीख पुढे ढकला. साडीची सेफ्टी पिन, परकराचे हूक, कनवटीला खोचलेली नाणी काढायला लावा.

तुलना करताना टी-स्कोर बघू नका, ग्रॅमचा आकडा बघा. आणि आईच्या बाबतीत मानेऐवजी "टोटल हिप" हा आकडा धरा, तो मोठ्या भागाचा असल्यामुळे कमी डगमगतो. त्यात साधारण पाच टक्क्यांच्या आतला फरक म्हणजे बदल नाही असंच समजायचं, मग तो वर असो की खाली. आकडा जागच्या जागी राहिला तरी औषध वाया गेलं असं होत नाही. या औषधांनी फ्रॅक्चर जितकी कमी होतात त्याचा थोडाच भाग घनतेच्या वाढीत दिसतो. पाच टक्क्यांहून जास्त घसरण दिसली तर मात्र आधी पायाची ठेवण दोन्ही चित्रांत सारखी आहे का ते तपासायचं, मग ड जीवनसत्त्व पुन्हा मोजायचं, आणि त्यानंतरच औषध बदलायचं बोलायचं. त्यासाठी आत्ताचा रिपोर्ट चित्रांसकट जपून ठेवा. अनेक सेंटर फक्त स्कोरचं एक पान देतात, त्यावर दोन वर्षांनी काहीच ठरवता येत नाही.